गाडी सुटण्याआधी भरायची पावती

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. धाकटा भाऊ, वहिनी आणि दोन मुलं जळगावहून पुण्याला निघाली होती. गाडी उत्तरेकडून येणारी, आणि ते दिवस धुक्याचे. तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री १०.३५. साडेदहाला स्टेशनवर पोहोचल्यावर कळलं की गाडी अजून बरीच मागे आहे. अकरा वाजता मोबाइलवर नवी वेळ दिसली, रात्री १.५०. मुलं बाकावर पेंगायला लागली. शेवटी बाराच्या सुमारास भावाने एका ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये चार जागा मिळवल्या आणि सगळे पुण्याला रवाना झाले. "तीन तासांच्या वर लेट आहे, पैसे पूर्ण परत मिळतात," एवढं त्याला माहीत होतं. सकाळी पुण्यात घरी पोहोचून, आंघोळ उरकून, चहा घेत त्याने निवांतपणे परताव्याचा अर्ज भरायला घेतला. अर्ज नामंजूर झाला.

त्याला नियम माहीत होता, पण अर्धाच. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटली तर पूर्ण पैसे मिळतात हा पहिला अर्धा भाग. त्यासाठीचा अर्ज गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या आत भरावा लागतो हा दुसरा. गाडी दोन वाजता जळगावहून सुटली तेव्हा तो बसमध्ये झोपला होता, आणि त्याचा हक्क त्या गाडीबरोबरच निघून गेला.

ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळण्याचे नियम रेल्वेने २०१५ साली नव्याने लागू केले. त्यात गाडी रद्द होणं आणि गाडीला उशीर होणं या दोन गोष्टी प्रवाशाच्या दृष्टीने अगदी उलट्या आहेत. गाडी रद्द झाली तर आपण काहीच करायचं नसतं. उशीर झाला तर मात्र सगळं आपल्यालाच करावं लागतं, तेही वेळेत. बहुतेकांची गफलत इथेच होते.

आधी सोपी बाजू पाहू. गाडी सुरुवातीच्या स्टेशनापासून शेवटपर्यंत पूर्ण रद्द झाली, की ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि पूर्ण भाडं ज्या खात्यातून भरलं होतं त्याच खात्यात परत येतं. अर्ज करायचा नाही, फोन करायचा नाही, खिडकीवर जायचं नाही. तिकीट कन्फर्म असो, आरएसी असो की वेटिंगवर असो, कापाकापी होत नाही. पैसे जमा व्हायला साधारण आठवडाभर धरावा.

यात लोक चुकतात ते घाईने. मुसळधार पाऊस लागलेला असतो, घाटात दरड कोसळल्याची बातमी टीव्हीवर येते, आणि उद्याची गाडी काही जात नाही असं गृहीत धरून माणूस आजच तिकीट रद्द करून मोकळा होतो. रेल्वेने गाडी रद्द झाल्याचं तोवर जाहीर केलेलं नसतं. मग ते प्रवाशाने स्वतःहून रद्द केलेलं तिकीट ठरतं आणि नेहमीची कात्री लागते. गाडी सुटायला जितका कमी वेळ उरलेला, तितकी ती मोठी. तत्काळचं कन्फर्म तिकीट असेल तर हातात काहीच पडत नाही. दोन तासांनी गाडी खरोखरच रद्द झाल्याचा मेसेज येतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून गाडी रद्द होईलसं वाटत असेल तर ‘रद्द करा’ या बटणाला हात न लावता थोडी कळ काढलेली बरी.

मात्र ‘रद्द’ या शब्दातही एक खोच आहे. कधी गाडी पूर्ण रद्द होत नाही, तिचा तुकडा पडतो. मुंबईहून सुटणारी गाडी त्या दिवशी पुण्याहूनच सुटते, किंवा मुंबईला येणारी गाडी नाशिक रोडलाच थांबवतात. कधी मार्ग बदलला जातो आणि आपलं स्टेशनच वाटेतून गळतं. अशा वेळी सगळं आपोआप होईल या भरवशावर बसू नये. खात्यात पैसे परत येताना दिसत नसतील तर अर्ज करावा लागतो. त्याला मुदत थोडी मोकळी, साधारण तीन दिवसांची असते. उशिराच्या गाडीला ही चैन नाही.

आता अवघड बाजूकडे येऊ. नियम वाचायला सरळ आहे. प्रवासी ज्या स्टेशनवरून प्रवास सुरू करणार आहे, तिथून गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा तीन तासांहून अधिक उशिरा सुटली आणि त्याने प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडं परत. कन्फर्म, आरएसी, वेटिंग, सगळ्यांना. तत्काळच्या तिकिटालाही, आणि तेही तत्काळच्या जादा शुल्कासकट. एरवी कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केल्यावर दमडीही परत मिळत नाही, म्हणून ही सवलत फार मोलाची.

पण या वाक्यातला प्रत्येक शब्द मोजून घातलेला आहे. पहिला प्रश्न, उशीर कुठे मोजायचा? आपल्या स्टेशनवर. गाडी उत्तर प्रदेशातून पाच तास उशिरा निघाली असेल आणि वाटेत वेळ भरून काढत जळगावहून पावणेतीन तास उशिरा सुटली, तर जळगावच्या प्रवाशाला परतावा नाही. याउलट गाडी आपल्या स्टेशनवरून अगदी वेळेवर सुटली आणि मुक्कामाला सहा तास उशिरा पोहोचली, तरीही या नियमाखाली काही मिळत नाही. हा नियम सुटण्याच्या उशिरासाठी आहे, पोहोचण्याच्या नाही.

दुसरा प्रश्न, तीन तास कधीपासून? तिकिटावरच्या ठरलेल्या वेळेपासून. मोबाइलवर दिसणारी नवी वेळ हा अंदाज असतो. तिच्यापासून पुढे तीन तास मोजत बसू नये.

तिसरा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. गाडी तीन तासांहून उशिरा सुटेल हे आधी कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. दावा मंजूर करताना रेल्वे पाहते ती सुटण्याची प्रत्यक्ष नोंद. भावाच्या बाबतीत रात्री अकराला अंदाज १.५० चा होता, म्हणजे सव्वातीन तास उशीर. पण वाटेत मोकळा मार्ग मिळाला असता आणि गाडी १.३० ला जळगावहून सुटली असती, तर उशीर दोन तास पंचावन्न मिनिटांचा झाला असता. मग वेळेत भरलेला अर्जही नाकारला गेला असता. म्हणून तीन-सव्वातीन तासांच्या कडेवर असलेल्या गाडीच्या नादाने दुसरी सोय पक्की करणं हा थोडा जुगारच आहे. अंदाज चार-पाच तासांचा असेल तर गोष्ट वेगळी.

खरी पक्की जागा एकच. ठरलेली वेळ अधिक तीन तास हा टप्पा ओलांडून जावा आणि गाडी अजून आपल्या स्टेशनवर आलेलीच नसावी. जळगावच्या उदाहरणात ही खिडकी रात्री १.३५ ला उघडली आणि दोनला गाडी सुटताच बंद झाली. जेमतेम पंचवीस मिनिटं. तेवढ्यात मोबाइलवरून अर्ज गेला असता तर काही वाद उरला नसता. त्यासाठी स्टेशनवर थांबण्याचीही गरज नव्हती. बसच्या सीटवर बसूनही तो भरता आला असता. फक्त दीड वाजताचा गजर लावायला हवा होता.

या अर्जाला टीडीआर म्हणतात. पूर्ण नाव ‘टिकिट डिपॉझिट रिसीट’, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती. नावातच जुना काळ शिल्लक आहे. कागदी तिकिटाच्या दिवसांत प्रवास हुकलेला माणूस आपलं तिकीट स्टेशनवर जमा करायचा आणि त्याबदल्यात ही पावती घ्यायचा. ती पावती जोडून मग रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे परताव्याचा अर्ज जायचा. आता जमा करायला कागद उरलेला नाही, पण ‘मी या तिकिटावर प्रवास केलेला नाही’ हे वेळेत लिहून देण्याचं काम तेच राहिलं आहे. गाडी सुटण्याआधी अर्ज का मागतात, याचं उत्तरही त्यातच आहे. गाडी गेल्यानंतर कुणीही उठून ‘मी चढलोच नव्हतो’ असं म्हणू शकतो.

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर अर्जाची वाट अशी आहे. तिकीट ज्या आयडीवरून काढलं, त्याच आयडीने आत जायचं आणि पुढील क्रम धरायचा:

`My Account > My Transactions > File TDR`

आपला पीएनआर निवडला की कारणांची यादी उघडते. ती इंग्रजीत आणि लांबलचक असते. त्यातलं ‘गाडी तीन तासांहून अधिक उशिरा आणि प्रवाशाने प्रवास केला नाही’ या अर्थाचं कारण निवडायचं. मग ज्यांनी प्रवास केला नाही त्यांच्या नावापुढे खूण करायची, सूचना मान्य असल्याची खूण करायची आणि अर्ज सादर करायचा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. अर्ज गेल्याचा जो पडदा दिसतो त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. त्याचबरोबर रेल्वेच्या गाडी-चौकशीच्या संकेतस्थळावर आपल्या स्टेशनसमोर दिसणारी ठरलेली वेळ आणि उशीर यांचाही एक स्क्रीनशॉट घ्यावा. पुढे वाद झालाच तर हेच कागद.

कारण निवडताना घाई नको. यादीत प्रवास न करण्याची इतरही कारणं असतात आणि प्रत्येकाची मुदत व परिणाम वेगळे. ‘प्रवास केला नाही’ एवढंच सांगणारं कारण उशिराच्या प्रवाशाने निवडलं तर तपासणाऱ्याला उशिराचा मुद्दाच दिसत नाही.

रात्रीच्या गाड्यांबाबत एक बारीक अडचण लक्षात ठेवावी. आयआरसीटीसीचं संकेतस्थळ रोज रात्री पावणेबारा ते बारा वीसच्या दरम्यान देखभालीसाठी बंद असतं. गाडी त्याच सुमारास सुटणार असेल तर अर्ज त्याआधी उरकावा. आणि तिकीट एखाद्या एजंटाने त्याच्या आयडीवरून काढलं असेल तर अर्जही त्यालाच भरावा लागतो, पैसेही त्याच्याच खात्यातून फिरून येतात. रात्री दीडला फोन उचलणारा एजंट सगळ्यांनाच लाभतो असं नाही.

चार्ट लागल्यानंतर ई-तिकीट ऑनलाइन रद्द करता येत नाही, फक्त टीडीआर भरता येतो. चार्ट आता गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी लागतो, त्यामुळे उशिराची बातमी येईपर्यंत बहुधा हीच स्थिती असते. ‘रद्द करता येत नाही’ असं दिसलं की पुष्कळ लोक पैसे बुडाले असं समजून फोन खिशात टाकतात. खरं तर पुढचं दार तिथेच शेजारी उघडं असतं.

एकदा अर्ज भरला की मात्र त्या तिकिटावर गाडीत पाय ठेवायचा नाही. बस मिळाली नाही आणि तेवढ्यात गाडी आली, म्हणून चढलात, तर तुम्ही लिहून दिलेलं खोटं ठरतं. ते पकडलंही जातं, कारण तपासणीच त्यावर चालते. आयआरसीटीसी आपला अर्ज स्वतः मंजूर करत नाही. ती तिकीट विकणारी आणि अर्ज पोहोचवणारी संस्था आहे. अर्ज जातो संबंधित क्षेत्रीय रेल्वेकडे, म्हणजे मध्य, पश्चिम वगैरे. तिथे दोन गोष्टी पडताळतात. गाडी त्या स्टेशनवरून प्रत्यक्ष किती वाजता सुटली, आणि टीसीच्या नोंदीत त्या बर्थवरचा प्रवासी आलेला दिसतो की नाही. दोन्ही जुळलं की पैसे सुटतात. यात वेळ जातो. दोन महिने सहज लागतात, कधी त्याहून जास्त. रद्द गाडीच्या परताव्यासारखे आठवड्यात पैसे येतील अशी अपेक्षा ठेवली तर विनाकारण जीव टांगणीला लागतो. अर्जाची स्थिती त्याच आयडीत अधूनमधून पाहत राहावी.

कधी टीसीच्या नोंदीत चूक होते आणि न आलेला प्रवासी आलेला दिसतो. त्या वेळी आपण त्या रात्री दुसऱ्या मार्गाने गेलो याचा पुरावा कामी येतो. बसचं तिकीट किंवा त्याच्या पैशांचा मेसेज म्हणूनच जपून ठेवावा.

‘पूर्ण परतावा’ म्हणजे किती, याचाही हिशेब एकदा मांडून पाहू. भावाच्या थर्ड एसीच्या चार तत्काळ तिकिटांचं भाडं सोयीसाठी गोल ४,००० रुपये धरू. त्यात मूळ भाडं, आरक्षण, सुपरफास्ट आणि तत्काळचं शुल्क, कर, सगळं आलं. यूपीआयने पैसे भरले म्हणून आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क २० रुपये आणि त्यावर कर, म्हणजे २३ रुपये ६० पैसे. हे शुल्क प्रत्येक तिकिटामागे एकदा लागतं, माणसामागे नाही. ऐच्छिक प्रवास विमा माणशी ४५ पैसे, चौघांचे १ रुपया ८० पैसे. एकूण भरले ४,०२५ रुपये ४० पैसे. अर्ज मंजूर झाला असता तर परत आले असते ४,०००. सुविधा शुल्क आणि विम्याचा हप्ता परत मिळत नाही, गाडी पूर्ण रद्द झाली तरी नाही. म्हणून खात्यात पंचवीस रुपये कमी आले तर ती चूक नसते.

ते ४,००० गेलेच, वर बसचे चौघांचे भाडे वेगळे. ते रेल्वेकडून मिळेल का? या नियमाखाली नाही. टीडीआर तिकिटाचे पैसे परत करतो, झालेलं नुकसान भरून देत नाही. नुकसानभरपाई हा वेगळा रस्ता आहे आणि तो ग्राहक आयोगातून जातो. २०१६ साली अजमेर-जम्मू एक्स्प्रेसने जम्मूला निघालेल्या एका प्रवाशाची गाडी सकाळी आठऐवजी दुपारी बाराला पोहोचली आणि त्याचं श्रीनगरचं विमान चुकलं. कुटुंबाला टॅक्सी करून जावं लागलं. ग्राहक मंचाने त्याला टॅक्सीसाठी १५,००० आणि बुकिंगपोटी १०,००० रुपये, शिवाय मनस्ताप व खटल्याच्या खर्चापोटी रक्कम मंजूर केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ती भरपाई कायम ठेवली. उशिराचं कारण आपल्या आवाक्याबाहेरचं होतं हे रेल्वेने सिद्ध करायला हवं, ते न केल्यास ती जबाबदार, असं न्यायालयाने सांगितलं.

हा निकाल आपल्या विषयाशी नीट ताडून पाहावा. त्या प्रवाशाने प्रवास पूर्ण केला होता आणि उशीर पोहोचण्यात झाला होता. म्हणजे तीन तासांच्या नियमाने त्याला एक रुपयाही मिळाला नसता. त्याला मिळाली ती सेवेतल्या त्रुटीची भरपाई, आणि ती पाच वर्षांच्या लढ्यानंतर. कारणही महत्त्वाचं. धुकं किंवा दरड असेल तर रेल्वेला आपली बाजू मांडता येते. विमान, परीक्षा किंवा मोठं बुकिंग बुडालं असेल आणि कागदपत्रं हातात असतील तरच हा रस्ता धरावा. नुसत्या तिकिटाच्या पैशांसाठी टीडीआरच जवळचा. तो नाकारला गेला आणि आपली बाजू पक्की असेल, तर आधी क्षेत्रीय रेल्वेच्या परतावा कार्यालयाकडे लेखी दाद मागावी. तिथेही ऐकलं नाही तर भाड्याच्या परताव्याचे दावे ऐकण्यासाठी १९८७ च्या कायद्याने नेमलेलं रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे, आणि त्याची खंडपीठं मुंबईत व नागपुरात आहेत.

पैसे परत यायला दोन-तीन महिने लागतात, त्या मधल्या काळात कधी फोन येतो, ‘तुमचा रेल्वेचा रिफंड अडकला आहे, या लिंकवर पिन टाका.’ खात्यात पैसे येण्यासाठी कधीच पिन लागत नाही. फोन ठेवून द्यावा.

भावाने नंतर मोबाइलच्या घड्याळात एक सवय लावून घेतली आहे. तिकीट काढलं की ठरलेल्या वेळेनंतर तीन तासांचा एक गजर लावून ठेवतो. गाडी वेळेवर आली तर तो बंद करायला एक सेकंद लागतो. नाही आली, तर त्यानंतर गाडी सुटेपर्यंतची जी काही मिनिटं असतात, तेवढेच आपले.